वर्गात रसायनशास्त्र, घरी तेलाचा घाणा: परिचयात काय लिहावं?

*मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात २०१८पासून तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. सेट झाले आहे, पीएच.डी. चालू आहे. २०२१ मध्ये सासूबाईंबरोबर लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय सुरू केला. नोंदणी त्यांच्या नावावर आहे. हिशेब, पॅकिंग आणि तेलाची तपासणी माझ्याकडे. थोड्या कविताही करते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांसमोर ‘खाद्यतेलाची साठवण’ या विषयावर बोलायचं आहे, आणि त्याच आठवड्यात बचत गटांच्या प्रदर्शनात आमचा स्टॉल आहे. दोघांनीही परिचय मागितला. मी एकच लिहिला: ‘प्रा. — या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, संशोधिका, यशस्वी उद्योजिका, एफएसएसएआय प्रमाणित तेल उद्योगाच्या संस्थापक-संचालिका, पीएच.डी. (अपिअर्ड) आणि कवयित्री म्हणून सर्वपरिचित आहेत.’ नवरा म्हणाला, ‘यातली तू नक्की कोणती?’ तेलाचं लिहिलं तर कॉलेजवाले हलक्यात घेतील, नाही लिहिलं तर लपवल्यासारखं वाटतं. सगळ्या भूमिकांना न्याय देणारा एकच परिचय कसा लिहायचा?*

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मला आधी बाजूला ठेवावासा वाटतो. सगळ्या भूमिकांना न्याय देणारा एकच परिचय लिहिता येत नाही, आणि तशी गरजही नाही. परिचय वाचणाऱ्यासाठी किंवा ऐकणाऱ्यासाठी असतो, आणि त्याच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असतो. सभागृहात बसलेल्या मुलाला कळायला हवं असतं, की या बाईंना या विषयातलं काय माहीत आहे. स्टॉलसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळायला हवं असतं, की हे तेल कोण काढतं आणि कसं काढतं. दोघांना एकच उत्तर दिलंत, तर दोघांनाही त्यातला निम्मा भाग नको असतो, आणि हवा असलेला निम्मा भाग शोधत बसावं लागतं. तुमच्या मिस्टरांनी विचारलेला प्रश्न चेष्टेतला असेल, पण नेमका आहे. त्याचं उत्तर समोर कोण आहे त्यावर ठरतं. तुमची कोणती भूमिका मोठी आणि कोणती लहान, यावर ते ठरत नाही.

स्मरणिकांसाठी आणि कार्यक्रमपत्रिकांसाठी आलेले परिचय मी बरीच वर्षं दुरुस्त करते आहे. दोन-तीन कामं एकाच वेळी करणाऱ्यांच्या परिचयात मला दोष जवळपास नेहमी एकाच जागी सापडतो. भूमिका जास्त असतात म्हणून परिचय फसत नाही. प्रत्येक भूमिकेला तिच्या खऱ्या मापापेक्षा मोठं बिरुद लावलेलं असतं, म्हणून तो फसतो. एका माणसाच्या नावामागे अशी पाच बिरुदं आली, की वाचणारा पाचही बिरुदांवर शंका घेतो. म्हणून कोणती भूमिका आधी लिहायची हे ठरवण्यापूर्वी तुमच्या मसुद्यातला एकेक शब्द आपण तपासू.

‘प्राध्यापिका’ या शब्दापासून सुरुवात करू. आपल्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्या प्रत्येकाला ‘प्रा.’ म्हणण्याची रीत आहे. मुलं तुम्हाला तसं म्हणतात, आयोजकही म्हणतील, आणि त्यात काही वावगं नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक ही तीन वेगवेगळी पदं आहेत, आणि तुम्हाला ज्या सभागृहात बोलायचं आहे तिथे समोरच्या रांगेत बसलेल्यांना हा फरक पक्का माहीत असतो. दुसऱ्यांनी तुम्हाला ‘प्रा.’ म्हणणं वेगळं आणि आपल्याच हातानं ‘प्राध्यापिका’ हे पद लिहिणं वेगळं. साधा मार्ग असा, की पदाऐवजी काम लिहा: ‘२०१८पासून पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवतात.’ हे वाक्य खरं आहे आणि ‘प्राध्यापिका’पेक्षा जास्त सांगतं, कारण त्यात काळ आला, इयत्ता आली आणि विषयही आला. नोकरीच्या अर्जात मात्र ‘तासिका तत्त्वावर’ हे शब्द लिहायलाच हवेत, कारण तिथे अनुभव कोणत्या प्रकारच्या नेमणुकीतला आहे, हे बघितलं जातं. भाषणाच्या परिचयात ते नसले तरी कुणाची फसवणूक होत नाही.

‘पीएच.डी. (अपिअर्ड)’ हे लगेच काढा. पीएच.डी.ला कुणी परीक्षेसारखं ‘अपिअर’ होत नाही. तिथे नोंदणी होते, काम चालतं, प्रबंध सादर होतो, मौखिक परीक्षा होते आणि मग पदवी मिळते. तुम्ही यातल्या ज्या टप्प्यावर आहात, तो सरळ सांगा. काम चालू असेल तर ‘या विषयावर त्यांचं पीएच.डी.चं काम चालू आहे’ असं लिहा, आणि विषयाचं नाव जरूर द्या. कंसातल्या त्या एका शब्दापेक्षा विषयाचं नाव तुमच्याबद्दल खूप जास्त सांगेल.

‘संस्थापक-संचालिका’ इथे मला जरा थांबावंसं वाटतं. नोंदणी सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणजे कागदावर मालक त्या आहेत. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात प्रोप्रायटर असतो. संचालक हे कंपनीतलं पद आहे, आणि तुमची कंपनी नाही. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नाही. उद्या बँकेत कर्जासाठी गेलात, किंवा एखाद्या दुकानदारानं माल ठेवण्याआधी कागद मागितले, तर उद्यम नोंदणीवर एक नाव आणि माहितीपत्रकात दुसरं नाव असं दिसेल, आणि पहिला प्रश्न त्यावरच येईल. ‘सासूबाईंसोबत चालवतात’ हे वाक्य खरं आहे, आणि त्यात सासूबाईंचं श्रेयही जागेवर राहतं. त्यांचं नाव कागदावर आहे आणि परिचयात कुठेच नाही, ही गोष्ट घरातही खुपू शकते, तेवढी लक्षात असू द्या.

‘एफएसएसएआय प्रमाणित’ हा शब्दप्रयोग अनेक छोटे व्यावसायिक वापरतात आणि तो चुकीचा आहे. तुमच्याकडे आहे ती अन्न व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना. व्यवसाय कायद्याच्या चौकटीत आहे एवढंच त्यातून कळतं. तेलाचा दर्जा कुणी तपासून पास केला, असा त्याचा अर्थ नाही. ‘एफएसएसएआय नोंदणीकृत’ असं लिहा, आणि जागा असेल तर चौदा आकडी क्रमांक द्या, म्हणजे ज्याला खात्री करायची आहे तो करू शकेल. उद्यमचंही असंच. ती नोंदणी आहे, पुरस्कार किंवा मानांकन नाही.

‘यशस्वी’ आणि ‘सर्वपरिचित’ हे शब्द दुसऱ्यांनी वापरायचे. ते खोडा. आणि कवितेबद्दल म्हणाल तर मला त्या कविता वाचायला आवडतील, पण या दोन्ही ठिकाणी त्यांची जागा नाही. काव्यवाचनाचं बोलावणं येईल तेव्हा पहिलं वाक्य कवितेचं असेल आणि तेलाचा उल्लेखही येणार नाही. एखादी भूमिका वगळली म्हणजे ती नाकारली, असं होत नाही.

आता कॉलेजच्या परिचयाकडे वळू. तुमची शंका अशी आहे, की तेलाचं लिहिलं तर हलक्यात घेतील. हा समज मला तपासून बघावासा वाटतो. तुम्ही वर्णपटशास्त्रावर किंवा सेंद्रिय अभिक्रियांवर बोलणार असता, तर तेलाचा व्यवसाय परिचयात आला काय आणि नाही काय, काहीच फरक पडला नसता. तो वगळा, असंच मी सांगितलं असतं. पण तुम्ही बोलणार आहात खाद्यतेलाच्या साठवणीवर, आणि तुम्ही खाद्यतेल विकता. इथे हा उल्लेख ऐच्छिक राहत नाही. समजा, भाषणात तुम्ही म्हणालात, की घाण्याच्या तेलात अमुक घटक टिकून राहतात. ऐकणाऱ्या मुलांना त्या क्षणी माहीत असायला हवं, की असं सांगणाऱ्या बाईंचा त्या तेलाशी आर्थिक संबंध आहे. हे आधी सांगितलेलं असेल, तर तुमचं म्हणणं अनुभवाचं ठरतं. नंतर चहाच्या वेळी कुणाकडून कळलं, तर तेच म्हणणं जाहिरात ठरतं, आणि मग तुमच्या पीएच.डी.च्या कामाकडेही त्याच नजरेनं बघितलं जातं. शोधनिबंध छापताना नियतकालिकं लेखकाला हितसंबंध जाहीर करायला लावतात, ते याच कारणासाठी. त्यामुळे लपवल्यासारखं वाटण्याची तुमची जी टोचणी आहे, ती या कार्यक्रमापुरती अगदी योग्य आहे.

हा उल्लेख कसा करायचा, यावर बरंच अवलंबून आहे. ‘तसेच त्या उद्योजिकाही आहेत’ असं शेपटीला जोडलं, तर ते खरंच उपरं वाटतं. दोन कामांमधला संबंध एका वाक्यात सांगितला, तर तीच माहिती विषयाचा भाग होते. कॉलेजसाठी मी असा परिचय लिहीन:

“आजच्या वक्त्या श्रीमती — २०१८पासून पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवतात. साठवणीच्या काळात शेंगदाणा आणि करडई तेलात होणारे बदल, या विषयावर त्यांचं पीएच.डी.चं काम चालू आहे. सासूबाईंसोबत त्या लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा व्यवसायही चालवतात. त्यामुळे प्रयोगशाळेत मोजलेलं तेल आणि लोकांच्या स्वयंपाकघरात गेलेलं तेल, या दोन्हींचा त्यांना अनुभव आहे. तेल खवट का होतं, आणि ते वासावर न सोडता मोजायचं कसं, याबद्दल त्या आज बोलणार आहेत.”

संशोधनाचा विषय तुम्ही पत्रात कळवलेला नाही. मी तो तुमच्या भाषणावरून धरून चालले आहे. वेगळा असेल तर तिथे खरा विषय घाला. तो तेलाशी संबंधित नसेल, तर ते वाक्य पूर्ण काढून टाका आणि शिकवण्याच्या वाक्यात थोडी भर घाला. संशोधनाचा उल्लेख केवळ वजनासाठी ठेवू नका.

या परिचयाची बांधणी बघा. पहिलं वाक्य तुम्हाला तिथे का बोलावलं, ते सांगतं. दुसरं त्या विषयावरचा तुमचा अधिकार सांगतं. तिसरं हितसंबंध उघड करतं, आणि चौथं त्याचा ऐकणाऱ्यांना होणारा उपयोग दाखवतं. शेवटचं वाक्य भाषणाच्या विषयावर येऊन थांबतं, म्हणजे सूत्रसंचालकाला पुढे काही जोडावं लागत नाही आणि तुम्ही थेट बोलायला उभ्या राहू शकता. सेटचा उल्लेख मी केलेला नाही. प्राध्यापकांना ती पात्रता तुमच्या कामावरून गृहीतच असते आणि बी.एस्सी.च्या मुलांना तिचा उपयोग नाही. ती नोकरीच्या अर्जासाठी राखून ठेवा.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. हा परिचय मोठ्यानं वाचला जाणार आहे. कागदावर चालणारे कंस, आद्याक्षरं आणि तिरप्या रेघा वाचणाऱ्याला अडखळवतात. ‘पीएच.डी. (अपिअर्ड)’ हे माइकवर कसं वाचायचं, याचा विचार केलात तरी लक्षात येईल. शंभरेक शब्द सावकाश वाचायला साधारण मिनिटभर लागतं, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष तेवढाच वेळ टिकतं. आयोजकांनी शंभर शब्द मागितले तर ऐंशी द्या. लिहून झाल्यावर घरी कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही समोर बसून ऐका. जिथे त्यांचा श्वास तुटतो, तिथे वाक्य तोडा.

प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात हा क्रम पूर्ण उलटा होतो. तिथे तुम्ही नाही, तेल आधी. कोणती तेलं, कशी काढलेली, कधी काढलेली, कुठे मिळतील. माणसं त्यानंतर. मी असं लिहीन:

“सासू-सुनेनं २०२१ मध्ये सुरू केलेला लाकडी घाणा. शेंगदाणा, करडई आणि तीळ यांची तेलं मागणीप्रमाणे थोडी थोडी काढली जातात. गाळपाची तारीख प्रत्येक बाटलीवर असते. घाण्याचं काम सासूबाई बघतात. हिशेब, पॅकिंग आणि तपासणी सूनबाई बघतात. त्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. एफएसएसएआय नोंदणी क्रमांक —.”

तेलांची नावं आणि तारखेची गोष्ट तुमच्याकडे जशी असेल तशी बदला. बाटलीवर गाळपाची तारीख टाकत नसाल, तर ते वाक्य लिहू नका. माझा मुद्दा तुमच्या शिकवण्याच्या उल्लेखाचा आहे. तो इथे एका छोट्या वाक्यात आला आणि तेवढाच पुरे. गिऱ्हाइकाला त्यातून कळतं, की तपासणी करणाऱ्या व्यक्तीला रसायनशास्त्र येतं. त्यापलीकडे तीन गोष्टी मी मुद्दाम टाळल्या आहेत, आणि तुम्हीही टाळा.

पहिली गोष्ट कॉलेजचं नाव. ते तेलाच्या जाहिरातीत आलं, तर कॉलेजनं या तेलाला पाठिंबा दिला असा अर्थ निघतो, आणि प्राचार्यांनी खुलासा मागितला तर तुमच्याकडे उत्तर नसेल. ‘महाविद्यालयात शिकवतात’ एवढं पुरतं. पत्रकात तुमचं छायाचित्र देणार असाल, तर तेही कॉलेजच्या आवारातलं नको.

दुसरी गोष्ट पदवी. अजून पीएच.डी. मिळालेली नाही, म्हणून आज हा प्रश्न नाही, पण दोन-तीन वर्षांनी येईल, आणि तेव्हा मोह होईल. रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या व्यक्तीनं आपल्या नावामागे ‘डॉ.’ लावणं योग्यच आहे. पण तेच ‘डॉ.’ तेलाच्या बाटलीवर किंवा स्टॉलच्या फलकावर आलं, की गिऱ्हाईक ते वैद्यकीय डॉक्टर असं वाचतं. शेजारी ‘हृदयासाठी चांगलं’ असं काही लिहिलेलं असेल, तर विचारायलाच नको. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत एफएसएसएआयचे २०१८चे नियम आहेत. वैद्यकीय किंवा आहारतज्ज्ञांनी शिफारस केली आहे, असा भास निर्माण करणारी भाषा त्यांना चालत नाही. तुमचा हेतू तसा नसला तरी वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा अर्थ तोच असेल. म्हणून पदवी वर्गात, शोधनिबंधात आणि व्याख्यानात वापरा. बाटलीवर नको.

तिसरी गोष्ट तपासणी, आणि हिच्याबद्दल मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही तेल तपासता ते कुठे आणि काय तपासता? घरी ब्युरेट, प्रमाणित अल्कली, अल्कोहोल आणि फिनॉल्फ्थॅलिन ठेवून आम्लांक काढत असाल, तर ‘तपासणी सूनबाई बघतात’ हे वाक्य टिकतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कॉलेजची रसायनं वापरून करत असाल, तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि परवानगी असली तरी ‘प्रयोगशाळेत तपासलेलं’ असं लिहू नका. गिऱ्हाइकाला ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळा वाटेल. आणि फक्त आम्लांक काढत असाल, तर ‘ताजेपणाची तपासणी’ असंही लिहिता येणार नाही. आम्लांक तेलातली मोकळी झालेली स्निग्धाम्लं मोजतो, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे येणाऱ्या खवटपणाची सुरुवात पेरॉक्साइड अंकातून कळते. आम्लांक कमी असलेलं तेलही या दुसऱ्या वाटेनं खवट होऊ शकतं, हे तुम्ही वर्गात शिकवत असाल. माहितीपत्रकातही तेवढंच काटेकोर राहा. तुमच्या दोन भूमिकांचा खरा मिलाफ इथे दिसतो: रसायनशास्त्र येणारी बाई आपल्या मालाबद्दल मोजलं तेवढंच बोलते.

आता लपवण्याबद्दल, कारण हा प्रश्न तुमच्यासारख्या अनेकांचा आहे. माझ्यापुरता मी एक निकष ठेवला आहे. एखादी भूमिका माहीत झाल्यावर ऐकणारा माझ्या बोलण्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल का? बघणार असेल, तर ती परिचयात आलीच पाहिजे, अगदी अडचणीची वाटली तरी. बघणार नसेल, तर ती वगळायला मोकळीक आहे. या निकषावर कविता दोन्ही ठिकाणी गळते, तेलाचा व्यवसाय कॉलेजात राहतो, आणि तुमचं संशोधन प्रदर्शनातून गळतं.

मात्र परिचयात लिहिणं किंवा न लिहिणं ही वेगळी गोष्ट, आणि तो व्यवसाय करायची मुभा असणं वेगळी. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, म्हणजे पूर्णवेळ सेवेत नाही. तरीही नेमणुकीच्या आदेशातल्या अटी एकदा नीट वाचा. हे सदर वाचणाऱ्या पूर्णवेळ शिक्षकांनी मात्र जास्त सावध असायला हवं. शासकीय महाविद्यालयातल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांत पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करायला मनाई आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतल्या आचारसंहितेतही शिक्षकाच्या जबाबदाऱ्यांत अडथळा येईल असं दुसरं काम किंवा शिकवण्या टाळायला सांगितलं आहे. अनुदानित आणि खाजगी संस्थांचे आपापले सेवानियम असतात. नोंदणी पत्नीच्या किंवा आईच्या नावावर आणि परिचयात मात्र ‘संस्थापक’ म्हणून स्वतःचं नाव, असं करणारे लोक मी पाहिले आहेत. तक्रार झाली, तर तो परिचयच त्यांच्याविरुद्धचा कागद ठरतो. परवानगी आधी घ्या, लेखी घ्या, आणि मिळाल्यावर निःसंकोच लिहा.

हाच मुद्दा तुमच्यापुढेही कधीतरी येणार आहे. पूर्णवेळ जागेसाठी अर्ज कराल, तेव्हा शैक्षणिक अनुभव, सेट, संशोधन, निबंध हे सगळं आधी येईल आणि व्यवसाय शेवटी एका ओळीत: ‘कुटुंबाच्या तेल व्यवसायात २०२१पासून हिशेब आणि गुणवत्ता तपासणीचं काम.’ ती ओळ गाळू नका. गावात स्टॉलवर तुम्हाला बघितलेला कुणीतरी मुलाखतीच्या टेबलापलीकडे असू शकतो. ‘निवड झाली तर व्यवसायाचं काय?’ हा प्रश्न येईलच, आणि त्याचं उत्तर घरात आधी ठरलेलं असू द्या: कोण बघणार, तुमचा सहभाग किती उरणार, परवानगी कुणाकडे मागणार. हे सासूबाईंशी बोलून ठरवा, कारण मालक त्या आहेत.

आता रोजच्या सोयीचं. दर वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. एक मूळ टिपण करून ठेवा, जे कुणालाही पाठवायचं नाही. त्यात प्रत्येक भूमिकेसाठी एक परिच्छेद असू द्या: कधीपासून, नेमकं काय काम, कागदावर कुणाचं नाव, आणि दुसऱ्याला पडताळता येईल अशी एखादी गोष्ट. शिकवण्याच्या परिच्छेदात कोणत्या वर्षांच्या वर्गांना कोणते पेपर शिकवले, ते लिहा. तासिका तत्त्वावरची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, त्यामुळे मध्ये खंड पडला असेल, तर तोही नोंदवा. ‘२०१८पासून’ हे शब्द मग तेवढ्या जपून वापरता येतील. कवितांचा परिच्छेदही इथे ठेवा. बोलावणं आलं, की या टिपणातून त्या प्रसंगाचे दोन-तीन परिच्छेद उचलायचे आणि क्रम लावायचा. कामाला अर्धा तास पुरतो.

हे टिपण वर्षातून एकदा, जून-जुलैमध्ये कॉलेज सुरू होताना, तपासा. पीएच.डी.चा टप्पा बदलला, नोंदणीत बदल झाला, नेमणूक थांबली, तर त्याच दिवशी दुरुस्ती करा. पाठवलेल्या प्रत्येक परिचयाच्या फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घाला. आयोजक मागच्या वर्षीचा परिचय जुन्या मेलमधून काढून तसाच वाचतात, हे फार वेळा घडतं, आणि मग चुकीची माहिती तुमच्या तोंडून गेली असंच लोक धरतात. फाइलवर तारीख दिसली, की निदान वाचणारा ‘नवीन आहे का?’ म्हणून विचारतो.

पुढच्या महिन्याला अजून वेळ आहे. कॉलेजच्या संयोजकांना परिचय पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, की माझा तेलाचा व्यवसाय आहे आणि विषय तेलाचाच असल्यामुळे तो उल्लेख वगळू नये. सूत्रसंचालक वेळ वाचवायला परिचयातली वाक्यं गाळतात आणि मधलं वाक्य सगळ्यात आधी जातं. त्या दिवशी ते गळलंच, तर भाषणाच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः सांगा, आणि स्टॉलचे पत्ते असलेली कार्डं त्या दिवशी सभागृहात नेऊ नका. कुणी भाषणानंतर तेलाबद्दल विचारलंच, तर फोन नंबर द्या आणि पुढचं बोलणं प्रदर्शनाच्या दिवशी करा.